जुन्या प्रश्नपत्रिकांची धास्ती घेणाऱ्या मुलासाठी शिक्षकांना चिठ्ठी कशी लिहावी आणि पुढे काय करावे

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागतात. "पेपर सोडवायला बसवलं की रडते." "येत असलेलंही विसरतो." "बाई, काहीतरी उपाय सांगा." मी दहावीला गणित शिकवते. अशा चिठ्ठीला नेमकं उत्तर देणं फार अवघड असतं, कारण मूल कुठे अडलं हे तिच्यात कुठेच नसतं. मग उत्तरही तितकंच मोघम जातं: सराव वाढवा, घाबरू नको म्हणावं. पालक दुकानातून आणखी एक संच आणतात, समोर घड्याळ ठेवतात आणि मुलाची धास्ती दुप्पट होते.

जुनी प्रश्नपत्रिका घरी आणली की पहिल्याच दिवशी मुलावर चार गोष्टी एकदम येतात. अजून न शिकवलेले धडे, घड्याळ, चाळीसपैकी किती पडले याचा हिशेब आणि शेजारी बसलेल्या आईबाबांची नजर. यातली एकेक गोष्ट मुलाला झेपते, चारही एकत्र झेपत नाहीत. म्हणून त्या एकामागून एक आणायच्या. तुमच्या मुलासाठी कोणती आधी आणि कोणती नंतर, हे शिक्षकांकडून ठरवून घेण्यासाठी चिठ्ठी लिहायची.

खाली राज्य मंडळाच्या दहावीचा गणित भाग १, म्हणजे बीजगणित, हा विषय धरला आहे. भूमितीला आणि विज्ञानाच्या दोन्ही भागांना हाच क्रम चालतो, कारण तिथेही ४० गुण आणि दोन तास असतात.

## १. चिठ्ठीआधी: एक संध्याकाळ नुसतं पाहा

मुलाला एक जुनी प्रश्नपत्रिका द्या आणि म्हणा, "तुला हवा तेवढा वेळ घे, हवं तिथे थांब. आज मी तपासणार नाही." शेजारी बसू नका, त्याच खोलीत आपलं काम करा. तीन गोष्टी मात्र मनात टिपून ठेवा, नंतर कागदावर उतरवा.

पहिली, पेन कुठे थांबलं. प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्नासकट लिहा. "गणित येत नाही" या वाक्यावर मला काही करता येत नाही. "प्रश्न २ (ब) पर्यंत व्यवस्थित, ३ (ब) मधलं शाब्दिक उदाहरण वाचलं आणि थांबली" एवढं कळलं तरी माझं अर्धं काम होतं.

दुसरी, थांबल्यावर मुलाने काय केलं. पान उलटून पुढे गेला, लिहिलेलं खोडत बसला, पाणी प्यायला उठला, की कोऱ्या पानाकडे बघत राहिला? खोडत बसणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर येत असतं, त्याचा स्वतःवर विश्वास नसतो. पान उलटणाऱ्याला बहुधा तो धडाच कच्चा असतो. दोघांना वेगवेगळी मदत लागते.

तिसरी, मुलाच्या तोंडचं वाक्य. "मला हे शिकवलंच नाही", "वेळ पुरणार नाही", "सगळ्यांना येतं, मलाच येत नाही" ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. जे बोललं तेच शब्द लिहा, त्याचा अर्थ लावू नका.

तपासा: तुमच्या टिपणात एक प्रश्न क्रमांक, एक कृती आणि एक वाक्य आहे का? नसेल तर चिठ्ठी लिहायची घाई करू नका.

## २. हाताशी असलेल्या प्रश्नपत्रिका निवडून घ्या

हे काम पालकांचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. नातेवाइकांच्या मुलांकडून आलेला गठ्ठा जसाच्या तसा पुढ्यात टाकला जातो.

दहावीचा सध्याचा अभ्यासक्रम २०१८-१९ पासून आहे आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्याआधीच्या प्रश्नपत्रिका बाजूला काढा, कारण त्यांतले धडे आणि आराखडा दोन्ही वेगळे आहेत. त्या सोडवताना मूल अडलं तर ते अडणं खरं नसतं, पण भीती मात्र खरी बसते. २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही, त्यामुळे त्या वर्षीची म्हणून कोणी बोर्डाची प्रश्नपत्रिका दिली तर ती कुठून आली हे आधी विचारा. २०२२ ची परीक्षा २५ टक्के वगळलेल्या अभ्यासक्रमावर आणि वाढीव वेळेत झाली. ती सरावाला चालेल, पण तिच्यावरून पूर्ण परीक्षेचा अंदाज बांधू नका.

जून-जुलैत होणाऱ्या पुरवणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सहसा कोणी बघत नाही. आराखडा तोच असतो, म्हणून त्या जरूर मिळवा. 'अपेक्षित' म्हणून विकले जाणारे संच मात्र सध्या कपाटात राहू द्या. त्यांतल्या काहींची काठिण्यपातळी मुद्दाम वाढवलेली असते, आणि घाबरलेल्या मुलाला हा फरक कळत नाही.

चार-पाच प्रश्नपत्रिका पुरतात. त्यातल्या दोन कोऱ्या ठेवा, त्या मुलाला दाखवूही नका. शेवटच्या टप्प्यात त्या लागणार आहेत.

सावधान: प्रश्नपत्रिकेसोबत उत्तरपत्रिकाही छापलेली असेल तर ती वेगळी करून तुमच्याकडे ठेवा. घाबरलेलं मूल दोन ओळी लिहून उत्तर बघतं, आणि 'मला येत नाही' ही त्याची समजूत घट्ट होते.

## ३. चिठ्ठी लिहा

चिठ्ठी अर्ध्या पानाची असावी. एका शिक्षकाकडे दोन-तीन तुकड्या असतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. दहा मिनिटांत उत्तर देता येईल एवढंच विचारलं तर उत्तर नक्की येतं.

ही एका आईच्या चिठ्ठीच्या धर्तीवर केलेली चिठ्ठी आहे. नाव आणि तुकडी तुमची घाला.

> आदरणीय बाई, नमस्कार.
>
> मी दहावी 'ब' मधल्या ——ची आई. काल तिला बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका वेळ न लावता सोडवायला दिली. प्रश्न १ आणि २ तिने न थांबता सोडवले. ३ (ब) मधलं वर्गसमीकरणाचं उदाहरण लिहून तिने तीनदा खोडलं आणि म्हणाली, "बोर्डात असंच होणार." त्यानंतर तिने वही मिटली. तिचं ते पान सोबत जोडलं आहे, मी त्यावर काहीही खूण केलेली नाही.
>
> संभाव्यता आणि सांख्यिकी हे धडे वर्गात अजून व्हायचे आहेत, असं ती सांगते.
>
> मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
> १. या पानावर तिची चूक नेमकी कुठे आहे?
> २. पुढचे दोन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिकांतले कोणते प्रश्न द्यावेत आणि कोणते देऊ नयेत?
> ३. घड्याळ कधीपासून लावावं?
>
> ही चिठ्ठी तिने वाचली आहे. वर्गात मुलींसमोर हा विषय निघू नये, एवढी विनंती. आठवड्यातून एक सोडवलेला प्रश्न ती तुम्हाला दाखवेल, चालेल ना?
>
> आपली,
> ——

या चिठ्ठीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सोबत जोडलेलं पान. त्यावर काय होतं ते पाहा. उदाहरण होतं 2x² − 7x + 3 = 0, सूत्राचा वापर करून सोडवा. मुलीने a = 2, b = 7, c = 3 लिहिलं. मग b² − 4ac = 49 − 24 = 25 काढलं, सूत्र बिनचूक लिहिलं, आणि उत्तर आलं −1/2 आणि −3. पाठीमागच्या उत्तरांत 1/2 आणि 3 होतं. तिच्या दृष्टीने सगळंच चुकलं होतं, म्हणून तिने तेच पुन्हा लिहिलं आणि पुन्हा तेच आलं.

प्रत्यक्षात चूक एकच होती. b ची किंमत −7 आहे, तिने 7 घेतली. वर्ग केल्यावर दोन्हींचे 49 च होतात, म्हणून 25 बरोबर आले आणि चूक झाकली गेली. ती फक्त −b लिहिताना बाहेर आली. सूत्र बरोबर, 25 बरोबर, आकडेमोड बरोबर. बोर्डाच्या तपासणीत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे हे पान शून्याचं मुळीच नाही. आई-वडिलांनी लाल पेनने फुली मारली असती तर हे मुलीला कधीच दिसलं नसतं. उपायही छोटा निघाला. a, b, c लिहिताना चिन्हाभोवती गोल करायचा आणि शेवटी एक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. 3 घातलं तर 18 − 21 + 3 = 0, जमलं. −3 घातलं तर 42 येतात, म्हणजे चिन्ह बघा. ताळा करायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही, आणि खोडाखोड थांबते, कारण आता मुलीकडे स्वतःचं उत्तर तपासायची सोय असते.

चिठ्ठीत काय लिहू नये तेही सांगते. "ती पहिल्यापासून भित्री आहे" असं लिहू नका. त्या वाक्याने शिक्षकांचं लक्ष पानावरून उठून स्वभावाकडे जातं. भावंडांचे किंवा शेजारच्यांचे मार्क लिहू नका. "किती टक्के पडतील?" हे विचारू नका. आणि चिठ्ठी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. ती बंद पाकिटात द्या किंवा थेट शिक्षकांना पाठवा.

तपासा: मुलाने चिठ्ठी वाचली का? त्याला एखादं वाक्य खटकलं तर ते काढा. मुलाच्या नकळत गेलेली चिठ्ठी वर्गात उघड झाली तर पुढच्या वेळी ते तुम्हाला काही सांगणार नाही.

## ४. शिक्षकांशी बोलताना ठरवून घ्या

बहुतेक शिक्षक चिठ्ठीवरच दोन ओळी लिहितात किंवा मधल्या सुट्टीत भेटायला सांगतात. भेटीत मूल सोबत असलं तर उत्तम. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: कोणते धडे अजून झालेले नाहीत म्हणजे त्यांचे प्रश्न पेन्सिलने चौकट करून वगळता येतील, घरी कोण तपासणार, आणि आठवड्यातून एक प्रश्न शिक्षकांना कोणत्या दिवशी दाखवायचा.

तपासायचं काम पालकांनी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, मग तुम्ही स्वतः इंजिनियर का असेनात. तुमची शिकलेली रीत पुस्तकातल्या रितीपेक्षा वेगळी असते आणि उत्तर बरोबर असूनही मूल गोंधळतं. मुलाने उत्तरांवरून स्वतः तपासावं, आणि जे कळत नाही ते शिक्षकांना दाखवावं.

## ५. पहिला टप्पा: पेनाशिवाय प्रश्नपत्रिका वाचा

हा टप्पा एका बैठकीत होतो, पण जवळपास सगळेच तो गाळतात. मुलाने प्रश्नपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त वाचायची आणि प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव लिहायचं. बीजगणितात धडे सहाच आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. दोन प्रश्नपत्रिकांवर असं केलं की मुलाला स्वतःलाच दिसतं की सगळं या सहांमधूनच येतं.

मग सूचना वाचायला लावा. 'कोणतेही चार सोडवा', 'कोणतेही दोन सोडवा' यांखाली रेघ मारा. प्रश्नपत्रिकेत एकूण ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात, सोडवायचे असतात ४० गुणांचे. प्रश्न ३ (ब) मध्ये चार उदाहरणं दिलेली असतात, त्यांतली दोन पुरतात. घाबरणारी मुलं बऱ्याचदा चारही सोडवायला घेतात, वेळ कमी पडतो, आणि "मला वेळच पुरत नाही" हे त्यांच्या मनात पक्कं होतं. हा साधा हिशेब कागदावर मांडून दाखवला की कित्येक मुलांचा चेहरा तिथेच मोकळा होतो.

## ६. दुसरा टप्पा: एका वेळी एकच प्रश्नप्रकार

आता प्रश्नपत्रिका आडवी वापरायची. म्हणजे तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतला फक्त प्रश्न १ (अ) एका दिवशी, फक्त १ (ब) दुसऱ्या दिवशी. त्यानंतर २ (अ) च्या कृती. त्यांत रिकाम्या चौकटी भरायच्या असतात, पायऱ्या छापलेल्याच असतात, त्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला हात धरून पुढे नेणारा हा प्रश्न आहे. मग २ (ब). एवढ्या चारांचे मिळून २० गुण होतात, म्हणजे अर्धी प्रश्नपत्रिका.

या टप्प्यात घड्याळही नको आणि गुणही नकोत. प्रत्येक चुकीपुढे मुलाने स्वतः एक शब्द लिहायचा: 'धडा', 'चिन्ह', 'वाचन' किंवा 'आकडेमोड'. आठवड्याच्या शेवटी ते शब्द मोजा. 'धडा' जास्त असेल तर प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकातला तो सरावसंच घ्या. धडा कच्चा असताना आणखी जुने पेपर सोडवणं म्हणजे तीच भीती रोज नव्याने दाखवणं. 'चिन्ह' आणि 'आकडेमोड' जास्त असेल तर ताळा करायची सवय लावा. 'वाचन' जास्त असेल तर दिलेल्या माहितीखाली एक आणि विचारलेल्याखाली दोन रेघा मारायला सांगा.

बैठक अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. शेवटचा प्रश्न नेहमी येणारा ठेवा.

सावधान: ३ (ब), ४ आणि ५ हे प्रश्न इथे घुसडू नका. मुलाने स्वतःहून मागितले तर जरूर द्या.

## ७. तिसरा टप्पा: अर्धी प्रश्नपत्रिका, चढतं घड्याळ

प्रश्न १ आणि २ एका बैठकीत. मोबाईलवर उलटी गणती लावू नका. मुलाच्या नजरेआड स्टॉपवॉच सुरू करा आणि शेवटी किती मिनिटं लागली तेवढं लिहून ठेवा. 'इतक्या वेळात संपव' असं न म्हणता 'किती लागतो ते बघू' असं म्हणा. दोन तासांत ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, म्हणून २० गुणांना तासभर. बहुतेक मुलांचं तासाच्या आत होतं, आणि हाच आकडा त्यांना धीर देतो.

तास उलटून गेला तर लगेच वेग वाढवायला सांगू नका. कुठे वेळ गेला ते बघा. बऱ्याचदा तो एकाच उदाहरणावर गेलेला असतो. मग एक नियम लावा: पाच मिनिटांत पुढची पायरी सुचली नाही तर अर्धं पान मोकळं सोडायचं, पुढचा प्रश्न घ्यायचा आणि शेवटी परत यायचं.

हे जमलं की प्रश्न ३, ४, ५ चा उरलेला अर्धा भाग वेगळ्या दिवशी तसाच घ्या. प्रश्न ४ मध्ये तीनपैकी दोन निवडायचे असतात. निवडायलाही वेळ लागतो, म्हणून 'आधी तिन्ही वाच, मग पेन उचल' याचा सराव इथेच करून घ्या.

तपासा: अर्धी प्रश्नपत्रिका सोडवून उठल्यावर मूल जेवलं का, नेहमीसारखं बोललं का, रात्री झोपलं का? तीनही उत्तरं 'हो' असतील तरच पुढे जा. नाहीतर आठवडाभर मागच्या टप्प्यावर या आणि शिक्षकांना तसं कळवा.

## ८. चौथा टप्पा: पूर्ण प्रश्नपत्रिका

हा टप्पा सगळे धडे वर्गात झाल्यावरच, साधारण पूर्वपरीक्षेच्या सुमारास घ्यायचा. राखून ठेवलेली कोरी प्रश्नपत्रिका आता काढा. वेळ सकाळी अकराची ठेवा, कारण बोर्डाची सकाळच्या सत्रातली परीक्षा त्याच वेळी असते. टेबलावर हातातलं साधं घड्याळ असू द्या. घरात पाहुणे, टीव्ही, फोन नको.

आठवड्याला एका विषयाची एकच पूर्ण प्रश्नपत्रिका पुरते. दुसऱ्या दिवशी ती तपासायची, तिसऱ्या दिवशी चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. रोज एक पूर्ण पेपर घेतला की तपासणं आणि दुरुस्ती दोन्ही राहतात. तेच प्रश्न पुन्हा चुकतात आणि मुलाला वाटतं, एवढं करूनही काही उपयोग नाही.

गुण आता मोजा, पण मुलाला मोजू द्या, आणि पायऱ्यांचे गुण धरून. आकडा नातेवाइकांना सांगू नका. पूर्वपरीक्षेचे गुण या घरच्या गुणांपेक्षा कमी आले तर घाबरू नका. बऱ्याच शाळा तो पेपर थोडा कठीण काढतात.

बोर्डाच्या पेपरच्या आदल्या दोन दिवसांत नवी प्रश्नपत्रिका काढू नका. दुसरी कोरी उरली असेल तर उरू द्या. 'चिन्ह' आणि 'वाचन' लिहिलेली जुनी पानं चाळली तरी पुरे.

## जुने पेपर लगेच कधी थांबवायचे

पेपरचं नाव काढल्यावर उलटी होणं, सलग काही रात्री झोप न लागणं, जेवण तुटणं, शाळेत जायला नकार, किंवा "मी नसतो तर बरं" यासारखं वाक्य. यातलं काहीही दिसलं तर प्रश्न अभ्यासाच्या पद्धतीचा राहिलेला नाही. त्याच दिवशी सगळ्या प्रश्नपत्रिका आवरून ठेवा, मुलाजवळ बसा आणि वर्गशिक्षकांना फोन करा. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायला परीक्षा संपायची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे पालकही बोलू शकतात. मुलाने जगण्याबद्दल तसं काही बोललं असेल तर त्याला त्या रात्री एकटं झोपवू नका.